उन्हाची साठवण: बॅटरीऐवजी उंचावरची टाकी

सौर कृषिपंप दिवसा चालतो, पिकाला पाणी मात्र पुष्कळदा संध्याकाळनंतर किंवा पहाटे द्यावयाचे असते, आणि ही अडचण पुढे आली की पहिला विचार बॅटरीचा होतो. परंतु सिंचनात विजेची गरज ही मुळात पाणी खालून वर आणण्याची गरज असते, आणि हे उचलण्याचे काम दिवसा ऊन असतानाच उरकून पाणी उंचावर ठेवून दिले, तर रात्री ते आपल्या वजनानेच शेतात उतरते आणि साठवलेल्या विजेची आवश्यकता उरत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात खुलताबाद, फुलंब्री आणि कन्नड या तालुक्यांत शेताच्या कडेला मुरमाड टेकाड असणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि अशा ठिकाणी टाकीचा पर्याय किती उपयोगी पडतो व कोठे फसतो, हे एका बागेच्या हिशेबातून स्पष्ट करता येते.

प्रथम टाकी नेमके काय साठवते ते नीट समजून घ्यावे लागते, कारण येथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. एक हजार लिटर पाणी एक मीटर उंच उचलण्यास सुमारे २.७ वॅट-तास ऊर्जा लागते. या हिशेबाने ३०,००० लिटर पाणी ८ मीटर उंचीवर ठेवले तर त्यात जेमतेम ०.६५ युनिट ऊर्जा साठते, आणि ते पाणी छोट्या टर्बाइनमधून खाली सोडून वीज परत मिळवू गेल्यास गळती-घर्षण वजा जाता त्याच्या निम्मीच हाती येते. वीज साठवण्याचे साधन म्हणून शेतातील टाकी अगदीच तोकडी आहे, आणि तिच्यापासून वीज परत मिळवण्याच्या नादी कोणी लागू नये. मात्र तेच पाणी टाकीत पोहोचण्यापूर्वी विहिरीच्या तळापासून जमिनीपर्यंत आलेले असते, नळातील घर्षण त्याने सोसलेले असते आणि पंपाच्या अकार्यक्षमतेत गमवायची ती वीजही गमावून झालेली असते. पुढील उदाहरणात दिसेल त्याप्रमाणे या ३०,००० लिटरसाठी पॅनेलकडून साडेपाच ते सहा युनिट वीज खर्ची पडते. टाकीत हे सगळे पार पडलेले काम साठवले जाते, त्यामुळे तिची बॅटरीशी तुलना ०.६५ युनिटांवर करून चालत नाही, ती या साडेपाच-सहा युनिटांवर करावी लागते.

तेवढी वीज रात्री बॅटरीतून द्यायची झाल्यास काय लागेल? १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका शिसे-आम्ल बॅटरीत १.८ युनिट वीज मावते, परंतु बॅटरी टिकवायची तर त्यातील निम्मीच वापरावी लागते आणि भरताना-उतरताना काही वीज वाया जाते, म्हणून अशा सात-आठ बॅटऱ्या केवळ एका रात्रीच्या पाण्यासाठी लागतील. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, आणि नेमकी उष्णता हीच शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य झपाट्याने कमी करणारी गोष्ट आहे. लिथियम बॅटरी संख्येने कमी लागतात व अधिक वर्षे चालतात, पण त्यांची किंमत, त्यांचे नियंत्रण आणि शेतातील चोरीचा धोका या बाबी शिल्लक राहतातच. शिवाय राज्यात २०२४ पासून राबवल्या जाणाऱ्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला पॅनेल, कंट्रोलर आणि पंप असा थेट उन्हावर चालणारा संच मिळतो, त्यात बॅटरी नसते. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने त्यासाठी किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरावयाचा असतो, आणि अडीच एकरांपर्यंत जमीन असल्यास ३ अश्वशक्तीचा पंप दिला जातो. टाकीचा विचार हा या संचाला धक्का न लावता त्याच्या पुढच्या टोकाला करावयाचा असल्याने तो अशा शेतकऱ्यांना विशेष सोयीचा आहे.

वजनाने उतरणाऱ्या पाण्याकडून काम करून घेण्याची रीत या शहराला नवी नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकी येथे, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, नहरीने पाणी आणले, आणि पुढे बेगमपुऱ्यातील पाणचक्कीला काही किलोमीटर दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून आणून, उंच भिंतीवरून खाली सोडून, त्याच्या जोरावर दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळले जाई. या जुन्या नळयोजनांच्या मार्गावर उभारलेल्या चुनेगच्ची स्तंभांतून नळात कोंडलेली हवा व दाब मोकळा होण्याची सोय केलेली होती. उताराने पाणी वाहणाऱ्या नळात हवेला वाट ठेवावी लागते, ही त्या बांधकामातील गोष्ट आजच्या शेतातील पीव्हीसी नळालाही तशीच लागू आहे, आणि ती विसरल्याने काय होते ते पुढे येईल.

आता उदाहरण घ्यावे. एक हेक्टर, म्हणजे सुमारे अडीच एकर मोसंबीची पूर्ण वाढलेली बाग आहे, झाडे ६ बाय ६ मीटर अंतरावर आहेत, म्हणजे एकूण सुमारे २७७ झाडे झाली. आंबिया बहर धरलेल्या बागेला मे महिन्यात सर्वाधिक पाणी लागते, आणि अशा झाडाची त्या काळातील गरज ठिबकने दिवसाला साधारण ११० लिटर धरता येते, म्हणून संपूर्ण बागेला रोज ३०,००० लिटर पाणी हवे. टाकीचे आकारमान या एका आकड्यावरून ठरते, कारण हिवाळ्यात ही गरज निम्म्याच्या आसपास येते आणि पावसाळ्यात ढग असतात तेव्हा बागेला पाणी फारसे द्यावे लागत नाही. ढगाळ दिवसांच्या भीतीने तीन-चार दिवसांची साठवण बांधण्याचा सल्ला कधीकधी दिला जातो, परंतु ज्या महिन्यात पाण्याची निकड सर्वांत जास्त त्याच महिन्यात येथे ऊन सर्वांत खात्रीचे असल्याने एका दिवसाची साठवण आणि थोडा वरकड एवढे पुरेसे ठरते.

दुसरा आकडा विहिरीचा, आणि तो पंपाच्या आधी मोजावा. या भागातील विहिरी बेसॉल्ट खडकातील आहेत, त्यात पाणी भेगांतून व झिजलेल्या थरांतून हळूहळू येते, आणि मे महिन्यात विहीर किती पाणी साठवून आहे यापेक्षा ती तासाला किती भरते हे महत्त्वाचे ठरते. पंपाने पातळी खाली आणावी, पंप बंद करावा आणि पट्टीने दर तासाला पातळीची वाढ मोजावी. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी तासाला ५ सेंटीमीटर चढत असेल तर तासाला सुमारे १,४०० लिटर पाणी येते, म्हणजे चोवीस तासांत ३४,००० लिटरच्या जवळपास, आणि मेमधील गरज जेमतेम भागते. हे पाणी चोवीस तास झिरपते, सौरपंप मात्र दिवसाच उपसतो, त्यामुळे रात्रीच्या झिरप्याला जागा मिळावी म्हणून विहिरीत पंपाच्या वर किमान ८० सेंटीमीटर ते एक मीटर मोकळा फरक असला पाहिजे.

या विहिरीतील पाणी मेमध्ये जमिनीखाली १४ मीटरवर आहे, बागेच्या सर्वांत उंच कोपऱ्यापासून ८ मीटर उंच असे मुरमाड टेकाड शेजारी आहे, आणि टाकीचे तोंड टेकाडाच्या जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर आहे. पंपाला पाणी सुमारे २४ मीटर उभे चढवायचे आहे, त्यात नळातील घर्षणाचे सुमारे ४ मीटर मिळवले की एकूण २८ मीटर होतात. पाण्याच्या उंचीच्या मापात सांगितलेल्या अशा दाबाला ठिबक बसवणारे ‘हेड’ म्हणतात, आणि दर १० मीटर हेड म्हणजे स्थूलमानाने चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब, हे लक्षात ठेवले की पुढचा सगळा हिशेब तोंडी करता येतो. ३०,००० लिटर पाणी २८ मीटर उचलण्यास सुमारे २.३ युनिट लागतात, आणि पंप व मोटर मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली तर पॅनेलकडून ५.७ युनिट घ्यावे लागतात. ३ किलोवॅटचे पॅनेल मेमधील निरभ्र दिवशी याच्या दुपटीने वीज देऊ शकते, म्हणजे येथे मर्यादा उन्हाची नसून विहिरीची आहे. भर दुपारी हा पंप तासाला बारा-तेरा हजार लिटर खेचतो आणि दोन तासांत विहिरीतील साठा संपवून कोरडा पडू लागतो. ठिबक थेट पंपाला जोडलेले असते तर हा खंड बागेत असमान पाण्याच्या रूपाने दिसला असता, टाकी असल्यास मात्र पंप तासभर चालला, थांबला, पुन्हा चालला तरी काही बिघडत नाही, कारण टाकीला पाणी कधी आले याच्याशी देणेघेणे नसते. कंट्रोलरमध्ये कोरड्या पंपापासून संरक्षणाची सोय चालू आहे याची खात्री करावी, आणि मोटरचा कमाल वेग कमी ठेवण्याची सोय असल्यास ती पुरवठादार कंपनीच्या माणसाकडून लावून घ्यावी, म्हणजे हमीच्या कालावधीत वाद होत नाही.

टाकी किती उंच असावी, या प्रश्नावर थोडे अधिक थांबले पाहिजे, कारण उंची जितकी जास्त तितके चांगले हा समज खर्चिक आहे. पंपाचा दाब त्याच्या फिरण्याच्या वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे सकाळी कोवळ्या उन्हात वेग निम्मा असेल तर दाब एक चतुर्थांशच मिळतो, आणि तो दाब टाकीच्या उंचीला पुरेसा होईपर्यंत पंप फिरत राहतो पण टाकीत थेंबही पडत नाही. टाकीचा प्रत्येक वाढीव मीटर सकाळी पाणी उशिरा सुरू करतो आणि दुपारी लवकर बंद पाडतो. म्हणून ठिबकला जेवढे हेड खरोखर लागते तेवढ्याच उंचीवर टाकी ठेवावी, आणि साठवण वाढवायची असल्यास उंची न वाढवता टाकीचा घेर वाढवावा.

ठिबकला किती हेड लागते ते ड्रिपरच्या स्वभावावर ठरते. साध्या ड्रिपरवर लिहिलेला ताशी ४ लिटर हा आकडा १० मीटर हेडसाठी असतो, आणि हेड कमी झाले की प्रवाह त्याच्या वर्गमूळाने कमी होतो. ६ मीटर हेडवर तोच ड्रिपर ताशी ३.१ लिटर देतो. प्रत्येक झाडाला चार ड्रिपर धरले तर एकूण ११०८ ड्रिपरांतून तासाला सुमारे ३,४०० लिटर पाणी जाते आणि ३०,००० लिटर पाणी सुमारे नऊ तासांत उतरते. रात्री आठला व्हॉल्व्ह उघडला तर पहाटे पाचपर्यंत संपूर्ण बाग एकाच वेळी भिजते, भाग पाडून व्हॉल्व्ह बदलण्यासाठी अंधारात बांधावर जावे लागत नाही. टाकी त्या दिवसाच्या मात्रेएवढीच असल्याने ती रिकामी होणे हीच पाणी पुरे झाल्याची खूण असते, आणि वेळ मोजणारे यंत्र लावण्याचीही गरज राहत नाही. येथे एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे: दाब आपोआप सारखा ठेवणारे, रबरी पडदा असलेले ड्रिपर चढ-उताराच्या जमिनीसाठी चांगले असले तरी ते सुरू होण्यास किमान ५ ते १० मीटर हेड मागतात, त्यामुळे टाकीच्या कमी दाबावर ते नीट काम करतीलच असे नाही. खरेदीपूर्वी त्यांचा किमान दाब माहितीपत्रकात पाहावा, आणि तो टाकीच्या हेडमध्ये बसत नसल्यास साधेच ड्रिपर घ्यावेत.

टेकाडाचे ८ मीटर ड्रिपरपर्यंत पोहोचताना ६ मीटरच का उरतात, हे पाहिल्यावर नळाची जाडी किती महत्त्वाची ते कळते. टाकीखालच्या स्वच्छ डिस्क फिल्टरमध्ये सुमारे एक मीटर जातो, व्हॉल्व्ह, जोड आणि सबमेन मिळून अर्धा मीटर धरावा, आणि राहिला मुख्य नळ. टाकीपासून बागेपर्यंतच्या १५० मीटर मुख्य नळासाठी ५० मिलिमीटर पाइप वापरल्यास या प्रवाहाला सव्वा मीटरच्या आसपास हेड गमवावे लागते, ६३ मिलिमीटर पाइपमध्ये ते अर्ध्या मीटरच्या आत राहते. हा पाऊण-एक मीटर वाचवण्यासाठी टाकी तेवढी उंच करण्यापेक्षा जाड पाइप घेणे केव्हाही स्वस्त पडते, आणि पंपाचा रोजचा भारही वाढत नाही. त्याचप्रमाणे सबमेन बागेच्या कडेला न घालता मधोमध घालावी, कारण १०० मीटर लांब ठिबक नळीऐवजी दोन्ही बाजूंना ५०-५० मीटरच्या नळ्या झाल्या की प्रत्येक नळीतील घर्षण सहा-सात पटींनी घटते. कमी दाबाच्या संचात सर्वांत पुढचे आणि सर्वांत मागचे झाड यांच्या हेडमध्ये २० टक्क्यांपेक्षा अधिक फरक पडू देऊ नये, असा मापदंड ठेवल्यास प्रवाहातील फरक १० टक्क्यांच्या आसपास राहतो. ६ मीटरवर हा २० टक्के म्हणजे सव्वा मीटर होतो आणि साधारण सपाट बागेत तो सहज पाळता येतो.

टेकाडाची उंची डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये, कारण उतारावर उभे राहून पाहिले की ५ मीटरही ८ मीटरसारखे दिसतात. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी आणि दोन पट्ट्या घेऊन बागेच्या सर्वांत उंच कोपऱ्यापासून टेकाडापर्यंत टप्प्याटप्प्याने फरक मोजत जावे व बेरीज करावी, हे काम दोन माणसांनी अर्ध्या दिवसात होते. मोजमाप टाकीच्या तळापर्यंतचे धरावे, कारण पहाटे टाकी संपत येते तेव्हा ठिबकला तेवढेच हेड मिळत असते.

टाकीच्या बांधकामात पहिला विचार जमिनीचा आहे. ६ मीटर व्यासाच्या गोल टाकीत १.२ मीटर पाणी उभे केले तर सुमारे ३४,००० लिटर मावते, आणि तळाशी गाळासाठी १० सेंटीमीटर सोडले तरी ३१,००० लिटर वापरात येते. हे ३४ टन वजन मुरमावर किंवा कच्च्या खडकावर निर्धास्त बसते, काळ्या जमिनीवर मात्र बसत नाही, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि टाकीच्या तळाला तडा जातो. म्हणून वरची काळी माती असेल तेवढी काढून मुरूम लागेपर्यंत खोदावे, मुरमाची भर घालून ती पाणी मारत दाबावी आणि त्यावर काँक्रीटचा तळ घालावा. गोल आकारात पाण्याचा दाब भिंतीवर सर्व बाजूंनी सारखा येतो, त्यामुळे वेल्डमेश आणि कोंबडीजाळीवर सिमेंट-वाळूचा गिलावा चढवून बनवलेली फेरोसिमेंटची टाकी चार-पाच सेंटीमीटर जाडीच्या भिंतीतही टिकते, तेच चौकोनी टाकीत कोपऱ्यांवर ताण येतो. फेरोसिमेंटची टाकी त्याचा अनुभव असलेल्या गवंड्याकडूनच करून घ्यावी आणि किमान दोन आठवडे ओली ठेवावी, कारण उन्हाळ्यात घाईने वाळलेल्या गिलाव्याला बारीक चिरा पडतात व त्या पुढे झिरपतात. असा गवंडी न मिळाल्यास ५,००० लिटरच्या सहा काळ्या प्लास्टिक टाक्या समपातळीच्या काँक्रीट ओट्यावर ठेवून तळाशी ६३ मिलिमीटर नळाने जोडणे हा सरळ मार्ग आहे, आणि त्यात एखादी टाकी फुटली तरी बाकीच्या चालू राहतात.

पंपाचा नळ टाकीत वरून सोडावा. तळातून जोडल्यास काही उंची वाचते, परंतु नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की रात्री टाकीतील पाणी नळातून परत विहिरीत जाते, आणि वरून पडणारी धार दुरूनही दिसत असल्याने पंप खरोखर पाणी देतो आहे की नुसता फिरतो आहे हेही कळते. टाकी भरली की पंप थांबवणारा तरंगता स्विच कंट्रोलरला जोडावा. बहुतेक सौर कंट्रोलरांत त्यासाठी जागा असते. तो बिघडण्याची शक्यता गृहीत धरून, येणाऱ्या नळापेक्षा जाड असा वरचा सांडनळ ठेवावा आणि त्याचे पाणी पायापासून दूर न्यावे, अन्यथा सांडणाऱ्या पाण्याने मुरूम धुपून टाकी एका बाजूला कलते.

काही शेतकरी टेकाडावर टाकीऐवजी प्लास्टिक अस्तराचे शेततळे खोदण्याचा विचार करतात. शेततळे हे पावसाचे पाणी काही महिन्यांसाठी राखण्याचे साधन आहे, रोज भरून रोज रिकामे करावयाच्या साठवणीचे ते काम नव्हे, आणि त्याचे कारण बाष्पीभवन आहे. मेमध्ये उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सुमारे १० मिलिमीटरने घटते असे धरले तर ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यातून रोज ९,००० लिटर पाणी हवेत जाते, म्हणजे बागेच्या गरजेच्या जवळपास एक तृतीयांश, आणि हे सगळे पाणी आटत्या विहिरीतून विकत घेतल्यासारखे उपसलेले असते. ६ मीटर व्यासाच्या टाकीतून त्याच हवेत ३०० लिटरही जात नाहीत.

कमी दाबाच्या संचातील सर्वांत मोठा शत्रू फिल्टर आहे, आणि पंपावर चालणाऱ्या ठिबकची सवय असलेल्यांचे येथेच चुकते. वाळूचा फिल्टर स्वच्छ असतानाच दोन-तीन मीटर हेड खातो आणि कचरा साचला की पाच मीटरांवर जातो, म्हणून तो टाकीच्या खाली बसवला तर टेकाडाची जवळजवळ सगळी उंची त्यातच संपते. तो टाकीच्या आधी, पंपाच्या नळावर बसवावा, कारण तेथे दिवसा पॅनेलची शिल्लक वीज आहे आणि हे नुकसान पंप सोसू शकतो. टाकीखाली मग गरजेपेक्षा एक माप मोठा डिस्क फिल्टर पुरतो. तो वगळला मात्र जाऊ नये, कारण उघड्या टाकीत ऊन पडले की शेवाळ धरते आणि शेवाळाचे तंतू ड्रिपर हमखास बुजवतात. टाकीवर उजेड अडवणारे आच्छादन घालणे हा यावरचा खरा उपाय आहे, विरळ हिरवी जाळी त्यासाठी पुरत नाही. विद्राव्य खत देण्यासाठी वापरली जाणारी व्हेंच्युरीसुद्धा दाबातील मोठ्या फरकावर चालते आणि टाकीच्या दाबावर ती खत ओढत नाही, म्हणून खत पिंपात विरघळवून, गाळून, टाकीच्या निर्गमनळाशी जोडलेल्या नळीने सोडावे. यासाठी पिंप टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावे लागते. खत टाकीतच मिसळल्यास शेवाळालाही ते खत मिळते.

संच सुरू झाल्यावर तो ठीक आहे की नाही, हे तीन साध्या तपासण्यांनी कळते. पहिली प्रवाहाची: सबमेनजवळच्या आणि नळीच्या शेवटच्या झाडाखाली ड्रिपरला एकेक बाटली लावून सहा मिनिटे पाणी धरावे. ताशी ३.१ लिटरच्या हिशेबाने सुमारे ३१० मिलिलिटर जमले पाहिजे, आणि शेवटच्या झाडाला २८० मिलिलिटरपेक्षा कमी मिळत असेल तर फिल्टर, मग नळीची टोके धुऊन पुन्हा मोजावे. साधा दाबमापक येथे फारसा कामाचा नाही, कारण दहा किलोंपर्यंतच्या मापकावर अर्ध्या किलोतील फरक दिसतच नाही. मापक लावायचाच असेल तर दीड-दोन किलोंपर्यंतचाच घ्यावा. दुसरी तपासणी गळतीची: टाकी भरून सगळे व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवावेत व पातळीवर खूण करावी. सकाळपर्यंत पातळी एक सेंटीमीटर उतरली तर सुमारे २८० लिटर पाणी कोठेतरी गेले, आणि हे बाष्पीभवनाने रात्री होण्यासारखे नाही. तिसरी हवेची: टाकी भरलेली, व्हॉल्व्ह उघडा, फिल्टर स्वच्छ, आणि तरीही बागेत पाणी अर्धेच पोहोचत असेल, तर मुख्य नळाला वाटेत कोठेतरी उंचवटा आलेला असतो व त्यात हवा अडकलेली असते. पंपाचा जोर अशी हवा ढकलून नेतो, टेकाडाचे ८ मीटर नेत नाहीत. नळ शक्यतो सलग उताराने घालावा, आणि उंचवटा टाळता येत नसेल तर त्याच्या माथ्यावर हवा सोडणारा व्हॉल्व्ह किंवा टाकीच्या पातळीपेक्षा उंच उभी नळी लावावी. ही उभी नळी म्हणजे जुन्या नहरीवरील स्तंभांचेच काम करणारी गोष्ट होय.

पैठण, गंगापूर किंवा वैजापूर तालुक्यांतील काळ्या सपाट रानात हा सगळा हिशेब उलटा होतो. तेथे टेकाड नसल्याने उंचीसाठी लोखंडी किंवा काँक्रीटचा सांगाडा उभारावा लागतो, ३० टनांहून अधिक पाणी फुगणाऱ्या मातीवर सहा-आठ मीटर उंच धरून ठेवणे हे स्थापत्य अभियंत्याकडून पाया, वारा आणि भूकंपाचा विचार करून आखून घेण्याचे काम आहे, आणि त्याचा खर्च बॅटरीची बचत गिळून टाकतो. ३ मीटरचा ओटा करून भागवू म्हटले तर ड्रिपरपाशी दोन मीटरच हेड उरते, त्यातील २० टक्के म्हणजे फक्त ४० सेंटीमीटर, आणि एवढा चढ-उतार सपाट दिसणाऱ्या एक हेक्टर रानातही असतोच, त्यामुळे बागेचा एक कोपरा भिजतो व दुसरा कोरडा राहतो. असा ओटा पाव-अर्धा एकर भाजीपाल्याला, आखूड नळ्यांवर उपयोगी पडतो, संपूर्ण बागेला नाही. सपाट रानातील शेतकऱ्याने दिवसा थेट सौरपंपावरच ठिबक चालवावे, विहीर दोन तासांत आटत असेल तर जमिनीलगतची टाकी पाणी गोळा करण्यापुरती बांधावी आणि त्यातून दिवसाच लहान पंपाने पाणी द्यावे. टेकाड असलेल्या शेतकऱ्याने मात्र टाकीची जागा या पावसाळ्यापूर्वी नळीने मोजून निश्चित करावी आणि विहिरीच्या भरण्याची नोंद मे महिन्यातच घ्यावी, कारण ऑक्टोबरमध्ये मोजलेल्या विहिरीवर बांधलेली टाकी मेमध्ये भरत नाही.